२५ लाखांची मर्यादा असूनही रजेच्या पैशांवर कर का लागतो?

प्रश्न: बाबा हिंगणा एमआयडीसीतल्या एका खासगी कंपनीतून ३१ ऑक्टोबर २०२५ ला रिटायर झाले. १ फेब्रुवारी १९९८ ला लागले होते. वर्षाला ३६ दिवस पीएल मिळायची. शिल्लक ३४४ दिवसांचे कंपनीने १३,४१,६०० रुपये दिले, पण त्यातले फक्त ५,८२,८०० करमुक्त धरले आणि उरलेल्यावर टीडीएस कापला. २५ लाखांपर्यंत माफ आहे ना? बाबांचे मित्र म्हणतात की निदान ३०० दिवसांचे पैसे तरी माफ व्हायलाच हवेत. बेसिक आणि डीए मिळून जूनपर्यंत १,१०,००० होते, जुलैपासून १,१७,०००. बाकीचे भत्ते २८,०००. कंपनीचं चुकलं आहे का?

उत्तर: कंपनीची हिशेबाची पद्धत बरोबर आहे. २५ लाख ही फक्त वरची मर्यादा आहे. तिच्या खाली आणखी तीन आकडे काढावे लागतात आणि चारही आकड्यांत जो सर्वांत लहान, तेवढीच रक्कम करमुक्त होते. तुमच्या बाबांच्या बाबतीत तो लहान आकडा रजेच्या दिवसांतून येतो. मात्र त्याच दिवसांच्या हिशेबात एक गोष्ट तपासून घेण्यासारखी आहे. ती बाबांच्या बाजूने निघाली तर जवळपास ३९ हजारांचा कर वाचेल. तिच्याकडे पुढे येतोच, आधी पाया नीट समजून घ्या.

आयकर कायदा १९६१ च्या कलम १०(१०एए) मध्ये ही सूट आहे आणि तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग केंद्र आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी. त्यांना निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे, म्हणजे पीएलचे, जे पैसे मिळतात ते सगळे करमुक्त, त्यात कुठलीच मर्यादा नाही. दुसरा भाग इतर सगळ्यांसाठी, आणि चार आकड्यांचा खेळ तिथेच आहे. नागपुरात या दोन भागांची गल्लत फार होते, कारण एकाच गल्लीत रेल्वेचे, सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी कार्यालयांतले, वेकोलिचे आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे निवृत्त कर्मचारी राहतात आणि एकमेकांना सल्ले देतात. रेल्वे कर्मचारी केंद्र सरकारचा कर्मचारी आहे, त्याला पूर्ण सूट. वेकोलि, मॉयल, महावितरण किंवा कोराडी-खापरखेड्याचं महानिर्मिती यांची मालकी सरकारकडे असली तरी त्या कंपन्या आहेत, त्यामुळे त्यांचे कर्मचारी या कलमापुरते ‘इतर’ ठरतात. राष्ट्रीयीकृत बँकांचंही तसंच. ग्रॅच्युइटीच्या कलमात पूर्ण सूट मिळणाऱ्यांत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांचा उल्लेख आहे, रजेच्या कलमात तो नाही. म्हणून ‘ग्रॅच्युइटी पूर्ण माफ झाली, मग रजाही होईल’ हा तर्क महापालिकेतल्या माणसानेही परस्पर करू नये.

३०० दिवसांची गोष्टही याच सरकारी बाजूने आलेली आहे. सरकारी सेवा नियमांत निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त ३०० दिवस अर्जित रजेचे पैसे मिळतात. किती दिवसांचे पैसे द्यायचे, हे ठरवणारा तो नियम आहे. त्यातले किती करमुक्त, हा वेगळा प्रश्न. आयकरात दहा महिन्यांची एक मर्यादा आहे, दहा महिने म्हणजे ३०० दिवस, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण आयकरातले दहा महिने ही कमाल मर्यादा आहे. तेवढ्या रजेवर सूट मिळेलच अशी हमी त्यात नाही.

आता चार आकडे. पहिला, प्रत्यक्ष मिळालेली रक्कम. दुसरा, सरकारने अधिसूचनेने ठरवलेली मर्यादा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या निवृत्तीला ती २५ लाख आहे, त्याआधी ३ लाख होती. तिसरा, दहा महिन्यांचा सरासरी पगार. चौथा, कायद्याच्या मोजणीने शिल्लक राहणाऱ्या रजेचा सरासरी पगाराच्या दराने येणारा पैसा.

मर्यादा ३ लाख असताना सरासरी पगार ३०,००० च्या वर गेला की दहा महिन्यांचा पगार ३ लाखांपेक्षा मोठा व्हायचा. रजेचा आकडाही बहुतेकांचा ३ लाखांच्या वरच असायचा. म्हणजे लहान आकडा ठरलेलाच: ३ लाख. रजेचं खातं उघडून पाहण्याची गरज क्वचित पडे आणि हिशेब एका ओळीत संपे. आता २५ लाखांचा आकडा निर्णायक ठरायचा असेल तर दहा महिन्यांचा पगार २५ लाखांहून जास्त हवा, म्हणजे बेसिक आणि डीएची सरासरी महिना अडीच लाखांच्या वर हवी. एमआयडीसीतल्या नोकरदारांत असे थोडेच. बाकी सगळ्यांसाठी खरा निकाल तिसऱ्या किंवा चौथ्या आकड्यावर लागतो. ‘२५ लाखांच्या आत आहे ना, मग सगळं माफ’ हे सांगणाऱ्याने २०२३ आधीची एका ओळीची सवय तशीच पुढे चालवली आहे, फक्त आकडा बदलला आहे.

सरासरी पगारापासून सुरुवात करू. कायदा निवृत्तीच्या लगेच आधीचे दहा महिने धरतो. बाबा ३१ ऑक्टोबरला निवृत्त झाले, म्हणून जानेवारी ते ऑक्टोबर २०२५. कोणी १४ ऑक्टोबरला निवृत्त झाला असता तर १५ डिसेंबर ते १४ ऑक्टोबर असे दहा महिने धरले असते आणि डिसेंबर-ऑक्टोबरचा पगार दिवसांच्या प्रमाणात घेतला असता. पगार म्हणजे बेसिक, आणि नोकरीच्या अटींप्रमाणे डीए निवृत्तीलाभांत धरला जात असेल तर डीए. विक्रीवर ठराविक टक्क्याने मिळणारं कमिशनही धरतात. घरभाडं, वाहनभत्ता, ओव्हरटाइम, बोनस, कंपनीचा पीएफचा वाटा यातलं काहीही नाही. म्हणजे तुमचे २८,००० चे भत्ते बाहेर.

जानेवारी ते जून सहा महिने १,१०,००० प्रमाणे ६,६०,०००. जुलै ते ऑक्टोबर चार महिने १,१७,००० प्रमाणे ४,६८,०००. बेरीज ११,२८,०००. हाच तिसरा आकडा. त्याला दहाने भागलं की सरासरी १,१२,८०० आणि तिसाने भागलं की दिवसाचा दर ३,७६०.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे शेवटचा पगार घेणं. कंपनीने बाबांना पैसे शेवटच्या पगारावर दिले आहेत: १,१७,००० भागिले ३० म्हणजे ३,९०० रुपये रोज, गुणिले ३४४ दिवस, बरोबर १३,४१,६००. देताना कंपनी तिच्या नियमाप्रमाणे कुठलाही दर लावू शकते. काही कारखाने महिन्याचे २६ दिवस धरून भागतात, तिथे दर ४,५०० होतो. पण करमुक्त रक्कम काढताना दर सरासरी पगाराचा आणि महिना तीस दिवसांचाच. कंपनीने उदार दर दिला म्हणून सूट वाढत नाही, वरचा फरक करपात्र होतो.

डीएबद्दल एक खात्री करून घ्या. बाबांचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी बेसिक अधिक डीएवर काढली आहे का, ते पगारपत्रकावर दिसेल. तशी काढली असेल तर डीए धरणं योग्य. नुसत्या बेसिकवर काढली असेल तर सरासरीही बेसिकचीच येईल आणि सूट आणखी खाली जाईल. कंपनीने ३,७६० चा दर धरला आहे, म्हणजे डीए मोजलेला आहे.

आता चौथा आकडा. सगळा गोंधळ यातच होतो.

कायदा सांगतो की अर्जित रजेचा हक्क प्रत्यक्ष सेवेच्या प्रत्येक वर्षाला तीस दिवसांपेक्षा जास्त धरता येणार नाही. कंपनीने वर्षाला ३६, ४० किंवा ४५ दिवस दिले तरी आयकराच्या वहीत वर्षाला ३०. कंपनीने ३० पेक्षा कमी, समजा २४ दिले असतील तर २४. शिवाय वर्षं पूर्ण झालेलीच मोजतात. बाबांची सेवा २७ वर्षं ९ महिने, म्हणजे इथे २७. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून बाबांच्या ग्रॅच्युइटीच्या कागदावर २८ वर्षं दिसत असतील. दोन कागदांवर दोन आकडे पाहून घाबरू नका, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

तर कायद्याच्या मोजणीने एकूण हक्क २७ गुणिले ३०, म्हणजे ८१० दिवस. यातून नोकरीत असताना उपभोगलेली आणि नोकरीत असतानाच विकलेली अर्जित रजा वजा करायची. कंपनीच्या वहीत बाबांच्या खात्यावर २७ वर्षांचे ३६ प्रमाणे ९७२ दिवस आणि शेवटच्या नऊ महिन्यांचे महिन्याला ३ प्रमाणे २७, असे ९९९ दिवस जमा झाले. शिल्लक ३४४. म्हणजे घेतलेली आणि विकलेली मिळून ६५५. आता ८१० मधून ६५५ वजा केले की उरतात १५५. गुणिले ३,७६०, म्हणजे ५,८२,८००. कंपनीच्या कागदावरचा आकडा नेमका इथून आला आहे.

चारही आकडे शेजारी ठेवा: मिळालेले १३,४१,६००, सरकारी मर्यादा २५,००,०००, दहा महिन्यांचा पगार ११,२८,००० आणि रजेचा आकडा ५,८२,८००. लहान कोणता ते उघड आहे. करपात्र उरले ७,५८,८००.

यात लोकांना सर्वांत जास्त खटकतं ते असं की शिल्लक ३४४ दिवस आहे, मग १५५ कशी झाली? मधले १८९ दिवस गेले कुठे? ते शोधायला घेतलेल्या रजेचा हिशेबही लागत नाही. कंपनीने कायद्यापेक्षा दरवर्षी ६ दिवस जास्त दिले, २७ वर्षांचे ते १६२. आणि अपूर्ण वर्षाचे २७ दिवस कायदा धरत नाही. १६२ आणि २७ मिळून १८९. हा तपासणीचा सोपा मार्ग लक्षात ठेवा: कंपनीच्या शिल्लक रजेतून दरवर्षीचे तीसच्या वरचे दिवस आणि अपूर्ण वर्षाचे दिवस काढले की कायद्याची शिल्लक मिळते. दोन्ही मार्गांनी एकच उत्तर आलं पाहिजे. नाही आलं, तर रजेच्या नोंदीत काहीतरी गडबड आहे.

मित्रांच्या ३०० दिवसांच्या हिशेबात दोष तो हाच. ते कंपनीची शिल्लक ३४४ घेऊन तिला ३०० वर थांबवतात आणि ११,२८,००० माफ धरतात. पण ३०० ची मर्यादा लावायची ती कायद्याच्या शिल्लकीवर. बाबांनी नोकरीत फारच कमी रजा घेतली असती आणि कायद्याने त्यांची शिल्लक समजा ३६० दिवस आली असती, तर ती ३०० वर थांबली असती आणि सूट ११,२८,००० ठरली असती. १५५ दिवसांना त्या मर्यादेची वेळच येत नाही.

नोकरीत असताना विकलेल्या रजेबद्दलही अनेकांची तक्रार असते: ‘त्या वर्षी त्यावर पूर्ण कर भरला, आता तेच दिवस पुन्हा वजा करता?’ तक्रार समजण्यासारखी आहे, पण वजा करणं बरोबर आहे. नोकरी चालू असताना विकलेल्या रजेला ही सूट मिळतच नाही आणि ते दिवस आता शिल्लकही नाहीत. सूट निवृत्तीच्या दिवशी खात्यावर असलेल्या रजेलाच आहे. ज्यांची निवृत्ती अजून चार-पाच वर्षं दूर आहे त्यांनी दरवर्षी रजा विकण्याआधी हा हिशेब मांडून पाहावा.

आता करात काय फरक पडतो ते पाहा. बाबा नव्या करप्रणालीत आहेत असं धरतो. ही सूट दोन्ही प्रणालींत मिळते, तिच्यासाठी जुनी प्रणाली निवडायची गरज नाही. एप्रिल ते जून तीन महिन्यांचा भत्त्यांसह पगार १,३८,००० प्रमाणे ४,१४,०००, जुलै ते ऑक्टोबर १,४५,००० प्रमाणे ५,८०,०००, मिळून ९,९४,०००. त्यात रजेचे करपात्र ७,५८,८०० घातले आणि प्रमाणित वजावट ७५,००० काढली की उत्पन्न १६,७७,८००. त्यावर आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनी कर १,३५,५६० आणि ४ टक्के सेस धरून सुमारे १,४०,९८०. बँकेचं व्याज वगैरे असेल ते वेगळं.

मित्रांच्या हिशेबाने गेलात तर उत्पन्न ११,३२,६०० येतं, २५ लाखवाल्यांच्या हिशेबाने ९,१९,०००. दोन्ही १२ लाखांच्या आत, म्हणजे कलम ८७ए च्या सवलतीमुळे कर शून्य. म्हणून हा वाद नुसता तात्त्विक नाही. चुकीचा हिशेब विवरणपत्रात टाकला तर एक लाख चाळीस हजारांचा परतावा मागितला जाईल. तो कंपनीच्या फॉर्म १६ शी जुळणार नाही आणि विभागाकडून विचारणा येण्याची चांगलीच शक्यता राहील. परतावा आधी मिळाला आणि चूक नंतर निघाली तर तो व्याजासकट परत करावा लागतो.

आता ती तपासायची गोष्ट. वर्षाला ३६ दिवस बाबांना पहिल्या वर्षापासून होते का? जुन्या कंपन्यांत सुरुवातीला रजा कमी असते. पुढे युनियनशी करार होतो, किंवा माणूस कामगारातून ऑफिसर श्रेणीत जातो, तेव्हा ती वाढते. सेटलमेंट काढणाऱ्याने शेवटच्या वर्षाचा आकडा सगळ्या २७ वर्षांना लावून टाकला, असं सहज होऊ शकतं.

समजा पहिली दहा वर्षं रजा ३० दिवस होती आणि पुढची १७ वर्षं ३६. तर कंपनीच्या वहीत जमा झालेली रजा ३०० अधिक ६१२ अधिक शेवटच्या नऊ महिन्यांचे २७, म्हणजे ९३९. शिल्लक ३४४ तीच, कारण ती रजा कार्डावर लिहिलेली आहे. मग घेतलेली आणि विकलेली रजा ५९५ निघते. कायद्याचे ८१० वजा ५९५, म्हणजे २१५. सोप्या मार्गाने तपासा: जास्तीचे ६ दिवस १७ वर्षांचे १०२, अपूर्ण वर्षाचे २७, आणि ३४४ वजा १२९ म्हणजे २१५. जुळलं. करमुक्त रक्कम २१५ गुणिले ३,७६०, म्हणजे ८,०८,४००. करपात्र ५,३३,२००, एकूण उत्पन्न १४,५२,२००, कर सेससह सुमारे १,०१,७४०. मघाच्या १,४०,९८० पेक्षा ३९,००० च्या वर कमी.

उलटही होऊ शकतं. पहिली काही वर्षं रजा ३० पेक्षा कमी, समजा २४ असेल, तर त्या वर्षांना ३० धरता येत नाही, २४ च धरायचे. म्हणून हिशेब वर्षवार मांडायचा आणि प्रत्येक वर्षी कंपनीची रजा आणि ३० यातला लहान आकडा घ्यायचा.

दुसरी पाहण्याची जागा म्हणजे वजा केलेल्या रजेत फक्त अर्जित रजाच आहे ना. काही कारखान्यांत संगणकावर पीएल, सिक लीव्ह आणि कॅज्युअल लीव्ह एकाच ‘घेतलेली रजा’ रकान्यात येतात आणि तो आकडा जसाच्या तसा ८१० मधून वजा होतो. तसं झालं तर बाबांची दहा दिवसांची आजारपणाची रजाही ३७,६०० रुपयांची सूट खाऊन टाकते. ओळखायचं कसं? जमा पीएल वजा घेतलेली वजा विकलेली बरोबर शिल्लक, हे समीकरण जुळलं पाहिजे. घेतलेली रजा या समीकरणापेक्षा जास्त दिसत असेल तर दुसऱ्या प्रकारच्या रजा मिसळल्या आहेत. याच कारणाने कॅज्युअल किंवा सिक लीव्हचे पैसे कंपनीने शेवटी दिले असतील तर ते या सूटीत बसत नाहीत, कलम अर्जित रजेपुरतंच आहे.

तेव्हा कंपनीच्या पर्सोनेल विभागाकडे लेखी अर्ज द्या आणि वर्षवार रजापत्रक मागा: वर्ष, त्या वर्षीचा पीएलचा हक्क, घेतलेली पीएल, विकलेली पीएल, शिल्लक. ‘रजेचा तपशील द्यावा’ एवढंच लिहिलंत तर शेवटच्या वर्षाचं एक पान हातात येईल. हे पाच रकाने नावानिशी लिहा आणि १९९८ पासून मागा. जुनी कार्डं सापडत नाहीत असं उत्तर आलं तर रजेचा हक्क कोणत्या वर्षी किती होता, एवढं तरी कंपनीच्या लेटरहेडवर मागा. वरचा सोपा मार्ग वापरायला तेवढं पुरतं, कारण त्यात घेतलेल्या रजेचा तपशील लागतच नाही. बाबांकडे नेमणुकीचं आणि बढतीचं पत्र असेल तर त्यातही रजेची अट सापडते.

फरक निघाला तर आधी कंपनीलाच सांगा. आर्थिक वर्ष संपायच्या आत दुरुस्ती झाली तर फॉर्म १६ बरोबर निघेल. त्याच्या भाग ‘ब’ मध्ये कलम १० च्या सूटींची यादी असते. तिथे ग्रॅच्युइटी आणि पेन्शनच्या अंशराशीकरणाखाली रजा रोखीकरणाची वेगळी ओळ आहे, सुधारलेला आकडा तिथे दिसला पाहिजे. कंपनीने ऐकलं नाही तरी हक्क जात नाही. विवरणपत्रात योग्य सूट मागता येते, मात्र रजापत्रक आणि हिशेबाचा कागद हाताशी ठेवा, कारण फॉर्म १६ पेक्षा जास्त सूट मागितली की खुलासा मागितला जाऊ शकतो.

विवरणपत्र कर निर्धारण वर्ष २०२६-२७ चं भराल. पगाराच्या भागात मिळालेले पूर्ण १३,४१,६०० पगारात धरायचे आणि सूट खाली `Sec 10(10AA)` हा पर्याय निवडून वेगळी दाखवायची. काही जण सूट आधीच वजा करून फक्त करपात्र रक्कम पगारात टाकतात. कराची रक्कम तीच येते, पण पगाराचा आकडा फॉर्म १६ शी जुळत नाही आणि त्यावरून नोटीस येते. तसंच नोकरीचा प्रकार निवडताना चुकूनही सरकारी निवडू नका. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, पण बाबांची निवृत्ती आणि पैसे त्याआधीचे, त्यामुळे त्यांच्यासाठी १९६१ चाच कायदा.

शेवटची एक चौकशी बाबांकडे करा: या कंपनीच्या आधी कुठे नोकरी होती का, आणि ती सोडताना रजेचे पैसे घेऊन त्यावर सूट घेतली होती का. राजीनामा दिल्यावरही ही सूट मिळते, म्हणून असं झालेलं असू शकतं. २५ लाखांची मर्यादा माणसाच्या आयुष्यभरासाठी आहे, आधी घेतलेली सूट तिच्यातून वजा होते. बाबांच्या आकड्यांत २५ लाख लांब आहेत, त्यामुळे निकाल बदलणार नाही. पण पुढे ते दुसरीकडे, समजा बुटीबोरीत एखाद्या कारखान्यात पुन्हा नोकरीला लागले आणि तिथून निघताना रजेचे पैसे मिळाले, तर आजचे ५,८२,८०० तेव्हा मोजावे लागतील. म्हणून हा हिशेबाचा कागद आणि रजापत्रक या वर्षाच्या विवरणपत्राबरोबर फाइलला लावून ठेवा.